निरोप समारंभात सत्काराला तीन मिनिटांचे, विनाअश्रू उत्तर कसे द्यावे?

टेलकरी

नमस्कार. मी पाटबंधारे खात्याच्या एका उपविभागात कालवा निरीक्षक आहे आणि येत्या ३१ मे रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहे. माझा खरा जन्म पोळ्याच्या आगेमागे झाला असे आई सांगत असे, परंतु शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकला. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे माझ्यासारखे सगळे १ जूनवाले ३१ मे रोजी एकदमच बाहेर पडतात. यंदा आमच्या उपविभागात असे तिघे आहोत: एक वरिष्ठ लिपिक, एक वाहनचालक आणि मी. तिघांचा निरोप एकाच मांडवाखाली होणार असल्याने प्रत्येकाने उत्तरादाखल तीन मिनिटेच बोलावे, असे साहेबांनी सांगितले आहे.

मी तीन पाने लिहून काढली आणि घरी वाचून दाखवली. पत्नीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हे तुम्ही बोलताय, की तुमच्यावर दुसरं कोणी बोलतंय?" तिचे म्हणणे मला पटले. सुरुवात अशी आहे:

"सन्माननीय व्यासपीठ, आज माझ्या भावना व्यक्त करण्यासाठी शब्द अपुरे पडत आहेत. चौतीस वर्षांच्या या प्रदीर्घ वाटचालीत आपण सर्वांनी मला जे भरभरून प्रेम दिले, त्या ऋणातून मी कधीही उतराई होऊ शकणार नाही, किंबहुना आपल्या ऋणातच राहणे मला आवडेल."

हेच वाक्य मी इतरांच्या निरोपाला पंधरा-वीस वेळा तरी ऐकले आहे, आणि बहुधा त्यातूनच ते माझ्या हातात उतरले. मला कविता नको, रडू नको आणि तरुणांना उपदेशही नको. मात्र ज्यांचे आभार मानायचे आहेत त्यांना ते आपल्यालाच उद्देशून आहेत हे कळले पाहिजे. कसे लिहावे?

आस्थापनेतली आक्का

बावीस वर्षे आस्थापना शाखेत होते आणि निरोप समारंभ हे काम कोणत्याही आदेशाविना माझ्याकडे आले ते शेवटपर्यंत राहिले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिल्याने आपले उत्तर कार्यक्रमात कुठे येते ते बघा. स्वागत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मग सात-आठ जणांची मनोगते, आणि त्यानंतर सत्कारमूर्तींचे उत्तर. त्याच्यामागून अध्यक्षीय भाषण आणि आभारप्रदर्शन. तुम्ही उभे राहता तेव्हा लोक तास-दीड तास बसलेले असतात आणि मागच्या रांगेला अल्पोपाहाराच्या पुड्यांचा वास आलेला असतो. शिवाय आभाराची यादी हातात घेऊन एक माणूस आधीच तयार बसलेला असतो. मंडप, ध्वनिक्षेपक, छायाचित्रकार, अध्यक्ष, पाहुणे हे सारे त्याच्या यादीत आहेत. निवृत्त होणारा माणूस तीच यादी वाचू लागला की त्या बिचाऱ्याला पुढे काम उरत नाही आणि तुमचे आभारही यादीतलेच ठरतात. त्यातून एक नाव सुटले तर तोच एक माणूस तुमचे भाषण जन्मभर लक्षात ठेवतो. हे मी तीनदा पाहिले आहे आणि त्यातल्या एका वेळी सुटलेले नाव माझे होते.

म्हणून यादी सोडा. "उत्तर" हा शब्द धरा. लोक तुमच्याविषयी काही बोलले आहेत, त्याला तुम्ही उत्तर देत आहात. कागदावर पहिल्या नमनानंतर दोन ओळी कोऱ्या ठेवा आणि त्या दिवशी जे बोलले जाईल त्यातले एखादे वाक्य तिथे पेन्सिलीने टिपून घ्या. बाकीचे आधी लिहिता येते, एवढे मात्र तिथेच सुचावे लागते.

लांबीचे म्हणाल, तर व्यासपीठावरून माणूस मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्दांच्या पुढे क्वचितच जातो. घरी वाचताना दीडशे होतात, म्हणून घरचे घड्याळ फसवते. तीन मिनिटे म्हणजे तीनशे ते साडेतीनशे शब्द, आणि त्यात कोऱ्या दोन ओळीही आल्या.

आता तुम्हाला एक प्रश्न. दुसऱ्या कोणाच्या कामामुळे तुमचे काम वाचले, असे चौतीस वर्षांतले दोन-तीन दिवस सांगा. विशेषणे नकोत. जागा, वेळ आणि कोणी काय केले, एवढेच.

भाऊसाहेब ५८

आक्कांचे म्हणणे ठीक आहे, पण शिष्टाचाराचा विसर पडू नये. शासकीय कार्यक्रमात पदाच्या उतरत्या क्रमाने सर्वांची नावे घेणे बंधनकारक असते, नाहीतर तो वरिष्ठांचा अवमान समजला जातो. दुसरे असे की, शासकीय कर्मचाऱ्याला निरोपाची भेटवस्तू घेण्यास नियमाने पूर्ण मनाई आहे. त्यामुळे भेटवस्तूचा उल्लेख भाषणात करू नये, उगाच कोणी चित्रफीत काढून ठेवील.

लाल पेटी

मी टपाल खात्यात होतो, म्हणजे केंद्राचा नियम सांगू शकतो. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधल्या नियम १४ प्रमाणे निवृत्ती किंवा बदलीच्या प्रसंगी होणारा निरोप खासगी आणि अनौपचारिक स्वरूपाचा असेल, तर त्याला आडकाठी नाही. मनाई आहे ती वर्गणीसाठी दबाव आणण्याला, आणि वरच्या गटातल्या अधिकाऱ्याच्या निरोपासाठी क आणि ड गटातल्या कर्मचाऱ्यांकडून वर्गणी गोळा करण्याला. हे बहुतेक कचेऱ्यांत वाचलेले नसते. राज्याचे नियम वेगळे आहेत, ते टेलकरी यांनी आपल्या आस्थापनेत विचारावेत. भाषणापुरते इतकेच सांगतो, की "सर्वांनी वर्गणी काढून एवढी महागडी वस्तू दिली" असे कौतुकाने म्हणू नका. ज्याने मुकाट्याने पाचशे रुपये दिले तो समोर बसलेला असतो.

आस्थापनेतली आक्का

लाल पेटी यांनी माझे काम वाचवले. नावांच्या क्रमाबद्दल सांगायचे, तर तो भार सूत्रसंचालकाचा. त्याने नावे एकदा घेतलेली असतात, नंतरच्या प्रत्येक वक्त्याने ती पुन्हा घ्यावीत असे कुठेही नाही. "अध्यक्षमहोदय आणि सहकाऱ्यांनो" एवढ्यावर माझ्या साऱ्या कार्यक्रमांत कोणाचाही अवमान झाला नाही. उलट आमचे एक अधिकारी नावे घेता घेताच पाऊण मिनिट खर्चून बसले आणि त्यांचे मूळ भाषण त्याहून लहान होते.

कोकणवारा

भाषणाचे होईल हो. सेवापुस्तकाची पडताळणी झाली का? निवृत्तिवेतनाचे प्रकरण महालेखापालांकडे गेले का? ना-देय प्रमाणपत्र, गटविमा, रजा रोखीकरण हे सगळे मार्गी लावल्याशिवाय कोणी भाषण लिहीत बसू नये. माझ्या भावजींचे एका वेतननिश्चितीच्या नोंदीवरून अकरा महिने अडले होते.

टेलकरी

कोकणवारा, प्रश्न भाषणाचा होता, पण तुमची काळजी समजली. प्रकरण वेळेत गेले आहे आणि तीनशे दिवसांच्या रजेचा हिशेबही लागला आहे. हे सारे आमच्या आस्थापना लिपिक बाईंनी पाठपुरावा करून केले, आणि तुम्ही विचारले नसते तर त्यांचे नाव माझ्या तीन पानांत नव्हतेच.

आक्का, तुम्ही सांगितल्याप्रमाणे दिवस आठवून पाहिले. पहिला दिवस म्हणजे खरे तर रात्र आहे. एकोणीस वर्षांपूर्वी रब्बीचे आवर्तन चालू होते आणि कालवा पूर्ण क्षमतेने वाहत होता. किलोमीटर २७ च्या आसपास कालवा उंच भरावावरून जातो आणि त्या भरावाला खेकड्यांची बिळे फार. आमचा चौकीदार रात्री दोनच्या सुमारास गस्तीला गेला, तेव्हा भरावाच्या बाहेरच्या पायथ्याशी पाणी येताना दिसले. पाझर तसा नेहमीच असतो आणि तो नितळ असेल तर आम्ही नोंद करून पुढे जातो. हे पाणी गढूळ होते. गढूळ याचा अर्थ पाणी आतून भरावाची माती घेऊन येत आहे, आणि मग भोक मोठे व्हायला फार वेळ लागत नाही. त्या काळी त्या भागात मोबाइलला रेंज नव्हती. तो वरच्या अंगाला एस्केपपर्यंत चालत गेला, एकट्याने गेट उचलून पाणी नाल्यात सोडले आणि मग मला निरोप पाठवला. मी चौकीवर झोपलो होतो. कालवा फुटला असता तर खालच्या वस्तीत पाणी शिरले असते आणि टेलच्या गावांची पाळी त्या हंगामात गेली असती. सकाळी अहवाल मी लिहिला. त्यात "दक्षतेने उपाययोजना करण्यात आली" असे वाक्य होते, कोणी केली ते नव्हते. प्रशंसापत्र माझ्या नावे आले.

दुसरा दिवस दप्तर कारकुनाचा. एका हंगामात मी दिलेला भिजलेल्या क्षेत्राचा तक्ता त्यांनी तीनदा परत पाठवला, कारण शेतकऱ्यांनी नमुना नंबर सातच्या पाणी अर्जात लिहिलेले क्षेत्र आणि माझ्या तक्त्यातली बेरीज जुळत नव्हती. तिसऱ्या खेपेला मी चिडून बांधावर गेलो, तेव्हा एकाच गटाचे क्षेत्र दोन खातेदारांच्या नावे लागलेले सापडले. त्यातल्या एकाला न घेतलेल्या पाण्याची पाणीपट्टी भरावी लागली असती.

हे भाषणात चालेल का? निरोपाला कोणी असे बोलताना मी ऐकलेले नाही.

आस्थापनेतली आक्का

चालेल का म्हणजे काय? हेच भाषण आहे. "करण्यात आली" हे वाक्य तुम्ही एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलेत. आता कर्ता घालून पुन्हा लिहा.

बोरूबहाद्दर

माझे मत जरा निराळे आहे. निरोपाचा प्रसंग म्हणजे चौकशी अहवालाचे वाचन नव्हे. लोक आपापली कामे टाकून येतात ते थोडा ओलावा मिळावा म्हणून. किलोमीटर २७, गढूळ पाणी, नमुना सात असे ऐकवले तर घरच्या मंडळींना आणि पाहुण्यांना काय कळणार? एखादी चांगली काव्यपंक्ती, आईवडिलांचे स्मरण आणि शेवटी "कळत-नकळत कोणाचे मन दुखावले असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी" ही विनंती, इतके तरी असावेच. ही आपली रीत आहे. तुसडेपणा म्हणजे साधेपणा नव्हे.

रात्रपाळी

मी परिचारिका होते. माझे स्वतःचे सांगते, कारण मी बोरूबहाद्दर म्हणतात तशीच सुरुवात केली होती. पाच मिनिटांचे लिहून नेले होते आणि पहिलेच वाक्य आईविषयी होते, कारण माझ्या प्रशिक्षणासाठी तिने बांगड्या मोडल्या होत्या. दुसऱ्या वाक्याला आवाज गेला. कोणीतरी पाणी आणले, टाळ्या झाल्या, मैत्रिणींनी खाली बसवले. सर्वांनी फार हृद्य कार्यक्रम झाला असे सांगितले. पण कागदावर चौथ्या परिच्छेदात आमच्या कक्षातल्या आयाबाईंचे आभार होते. एका रात्री एका बाळंतिणीचा रक्तस्राव वाढतो आहे हे माझ्याआधी त्यांनी चादरीवरून ओळखले होते. त्या मागे उभ्या होत्या. त्यांच्यापर्यंत मी पोहोचलेच नाही. नंतर घरी जाऊन सांगितले, पण चारशे लोकांच्या समोर ऐकणे आणि स्वयंपाकघरात ऐकणे यात फरक पडतो.

म्हणून माझा अनुभव असा, की ज्याचे आभार मानायचे राहून गेले तर सर्वांत जास्त खटकेल, तो माणूस पहिल्या मिनिटात यावा. घरचे मध्ये, एका वाक्यात, आणि शक्यतो रोजच्या साध्या गोष्टीवरून. दिवंगत माणसे सुरुवातीला नकोत आणि शेवटीही नकोत. कागद हातात धरा, अक्षर मोठे काढा आणि आवाज हलतोय असे वाटले की वाचता वाचता एखादा आकडा येईल अशी सोय ठेवा. किलोमीटर २७ म्हणताना कोणाला रडू येत नाही.

टेलकरी

ताई, ही आकड्याची युक्ती मी घेतो.

क्षमेच्या वाक्यावर मात्र मी अडलो आहे. कळत-नकळत नव्हे, मी एकाला कळून दुखावले आहे. बारा वर्षांपूर्वी एका मोजणीदाराला मी रात्रपाळीला गैरहजर दाखवले आणि त्याला ज्ञापन मिळाले. तो हजर होता, दुसऱ्या वितरिकेवर गेला होता आणि ते मला आठवड्याने कळले. मी दुरुस्ती केली नाही. तो आता समोर बसणार आहे. इतरांसाठी असलेल्या ठरावीक वाक्यात त्यालाही गुंडाळून टाकणे मला बरे वाटत नाही, आणि नाव घेऊन सांगणे जमेल का, तेही कळत नाही.

बोरूबहाद्दर

या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. ज्ञापन चारचौघांत लागले, तर चूकही चारचौघांत कबूल व्हावी. मोघम क्षमा मागण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरे.

रात्रपाळी

मला तसे वाटत नाही. व्यासपीठावरून त्याचे नाव घेतले की सगळ्या माना त्याच्याकडे वळतील आणि त्याला हसून मान हलवावीच लागेल. त्याला काही उलट बोलायचे असेल तर सोय नाही. त्याने क्षमा केली की नाही, हे तुम्ही त्याच्याकडून जबरदस्तीने वसूल केल्यासारखे होईल. आधी त्याला एकट्याला गाठा.

भाऊसाहेब ५८

निवृत्तीच्या दिवशी स्वतःची प्रशासकीय चूक सार्वजनिकरीत्या कबूल करणे धोक्याचे आहे. निवृत्तीनंतरही चौकशी लागू शकते, हे ध्यानात ठेवा.

आस्थापनेतली आक्का

भाऊसाहेब, निवृत्तीनंतर चौकशी लागू शकते हे अर्धे बरोबर आहे, परंतु तिला वेळेच्या मर्यादा आहेत आणि बारा वर्षांपूर्वीच्या चुकीच्या हजेरीसाठी ती कोणी उघडेल असे मला वाटत नाही. बाकी नाव घ्यावे की न घ्यावे, यावर माझे ठाम मत नाही. ठरावीक वाक्य मात्र काढा. ते म्हटले की खरोखर दुखावलेल्या माणसाला आपला हिशेब परस्पर मिटवला गेला असे वाटते.

टेलकरी

मसुदा देत आहे. नावे इथे काढली आहेत, भाषणात असतील. कौलही हवा आणि कात्रीही.

"अध्यक्षमहोदय आणि सहकाऱ्यांनो,

(दोन ओळी कोऱ्या.)

या कालव्यावर मी चौतीस वर्षे काम केले. त्यात जे नीट पार पडले त्यातले बरेचसे दुसऱ्यांनी केले होते आणि त्याचे श्रेय कागदोपत्री माझ्याकडे आले. त्यातल्या तीन गोष्टी आज दुरुस्त करतो.

एकोणीस वर्षांपूर्वी रब्बीच्या आवर्तनात किलोमीटर २७ ला भरावातून गढूळ पाणी येत असल्याचे आपल्या चौकीदारांनी रात्री दोन वाजता पाहिले. कोणाच्या हुकमाची वाट न पाहता त्यांनी एकट्याने एस्केपचे गेट उचलले, म्हणून कालवा फुटला नाही. मी त्या वेळी झोपलो होतो. प्रशंसापत्र मला मिळाले. ते त्यांचे होते.

दप्तर कारकुनांनी माझा तक्ता एका हंगामात तीनदा परत पाठवला. त्यांचे बरोबर होते. एका शेतकऱ्याची चुकीची पाणीपट्टी त्यामुळे वाचली. तेव्हा मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोललो नव्हतो, आज आभार मानतो.

आस्थापना लिपिक बाईंनी माझे निवृत्तिवेतनाचे कागद वेळेत पाठवले. त्यासाठी त्यांनी माझ्या सेवापुस्तकातल्या नोंदी पहिल्या पानापासून तपासल्या. ते पुस्तक मी स्वतः कधी पूर्ण वाचलेले नाही.

आवर्तनाच्या दिवसांत मी जेवायला कधी येणार, हे विचारणे घरच्यांनी सोळा-सतरा वर्षांपूर्वी सोडून दिले. त्यांचा मी आभारी आहे.

नवीन तंत्रज्ञानाचा स्वीकार करून आपण सर्वांनी खात्याचे नाव उज्ज्वल करावे आणि शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचवावे, हीच अपेक्षा.

चाव्यांचा जुडगा उद्या नव्या निरीक्षकांकडे जाईल. नऊ नंबरच्या गेटचा स्क्रू जड फिरतो, एकट्याने जोर लावू नये, दोघांनी फिरवावा. आपण वेळ काढून आलात आणि शाल-श्रीफळ दिलेत, त्याबद्दल धन्यवाद."

आस्थापनेतली आक्का

"नवीन तंत्रज्ञान" हा परिच्छेद काढा. तो तुमचा नाही, तो अध्यक्षांचा आहे आणि ते तो म्हणणारच आहेत. त्याशिवाय नऊ नंबरच्या गेटची खुमारी त्यामुळे मरते. तुम्ही नव्या माणसाला खरोखर उपयोगी पडेल असे एक वाक्य सांगत आहात, त्याच्या अगोदर निरुपयोगी अपेक्षा कशाला?

"त्यातल्या तीन गोष्टी आज दुरुस्त करतो" हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. तिसरी गोष्ट श्रेयाची दुरुस्ती नाही, ती साधी कृतज्ञता आहे. "तीन गोष्टी सांगतो" एवढे पुरे. आणि "पंधरा दिवस बोललो नव्हतो" इथे लोक हसतील. हसू संपेपर्यंत थांबा, नाहीतर "आज आभार मानतो" हे कोणालाच ऐकू येणार नाही. कागदावर तिथे एक रेघ मारून ठेवा.

बोरूबहाद्दर

गेटच्या स्क्रूवर भाषण संपवणारा माणूस मी प्रथमच पाहतो आहे. मला अजूनही शेवटी काहीतरी कमी वाटते. पण मधला चौकीदाराचा परिच्छेद मी दोनदा वाचला, हे कबूल करतो.

टेलकरी

कार्यक्रम काल झाला. जसे झाले तसे सांगतो.

क्रम बदलला. वरिष्ठ लिपिक आधी बोलले आणि त्यांनी बावीस मिनिटे घेतली. वाहनचालकांनी दोन वाक्ये म्हटली, नमस्कार केला आणि खाली बसले. सर्वांत मोठ्या टाळ्या त्यांना पडल्या. माझी पाळी आली तोवर वीज गेली होती, त्यामुळे ध्वनिक्षेपकाशिवाय बोलावे लागले आणि आवाज चढवण्याच्या नादात गहिवरायला सवडच झाली नाही. कोऱ्या दोन ओळींत मी असे लिहिले होते: "शाखा अभियंता म्हणाले की मी कधी रजा घेतली नाही. माझ्या खात्यावर तीनशे दिवस शिल्लक राहिले, तेवढे मिळतात म्हणून घेतली नाही." यावर साहेबही हसले.

चौकीदार तिसऱ्या रांगेत होते. ते चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले आहेत, मुद्दाम बोलावून घेतले होते. मी "रात्री दोन वाजता" म्हटल्याबरोबर ते जागेवरून उठून मोठ्याने म्हणाले, "दोन नाही साहेब, साडेतीन. कोंबडं आरवलं होतं." सगळा मांडव हसला. पुढचे वाक्य कोणते ते मला क्षणभर सापडेना. मी "साडेतीन" अशी दुरुस्ती केली आणि पुढे वाचले. प्रशंसापत्राचे वाक्य आले तेव्हा ते खाली मान घालून बसले होते, त्यांना काय वाटले ते विचारले नाही. रेघ मारली होती तिथे थांबलो, हसू संपल्यावर आभार मानले. दप्तर कारकून मात्र आलेच नव्हते, त्यांची सून आजारी होती. त्यांना त्यांच्या भागाची प्रत पाठवतो आहे.

मोजणीदाराचे नाव मी व्यासपीठावर घेतले नाही. रात्रपाळी ताईंचे ऐकून आदल्या दिवशी त्याला गाठले आणि चूक माझी होती असे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "ते कागदावर आहे ना साहेब, तोंडी कसं निघेल?" निरोपाला तो आला, जेवला, पण माझ्याशी बोलला नाही. आता निवृत्तीनंतर मी लेखी काही देऊ शकतो का?

आस्थापनेतली आक्का

देऊ शकता. ज्ञापन बहुधा त्याच्या वैयक्तिक नस्तीत असेल. शिक्षा झाली नसेल तर सेवापुस्तकात नोंद नसावी, तरी त्याला पाहायला सांगा. तुम्ही तारीख, वितरिका आणि तो त्या रात्री नेमका कुठे होता हे लिहून उपविभागीय अधिकाऱ्यांच्या नावे पत्र द्या, आवकेत नोंद करून पोच घ्या आणि एक प्रत त्याला द्या. ते नस्तीत लावायचे की नाही हे कार्यालय ठरवील. या पत्रातही कर्ता राहू द्या.

बोरूबहाद्दर

त्या वाहनचालकांची दोन वाक्ये कोणती होती?

टेलकरी

"एकतीस वर्षांत गाडी दोनदा ठोकली, दोन्ही वेळा आपण सांभाळून घेतलंत. आभारी आहे."

आक्का, पत्र आज लिहितो. भाषणाच्या माझ्याकडच्या प्रतीत दोनच्या जागी साडेतीन केले आहे.